कोठ्यातलं वासरू आणि निबंधातला देव

मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची, बारावी कला शाखेत आहे. तत्त्वज्ञानाच्या सरांनी दीड हजार शब्दांचा निबंध दिलाय: देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर जगात दुःख का? पुस्तकात सगळी उत्तरं दोन-दोन ओळींत आहेत, वाचलं की सगळीच बरोबर वाटतात. गेल्या जूनमध्ये आमच्या वावरात बाभळीवर वीज पडली, बाजूच्या कोठ्यातलं कुटार पेटलं. गाय सुटली, वासरू भाजलं. तीन दिवस होतं, मग गेलं. आजी म्हणते, मागच्या जन्मीचं भोगलं त्यानं. हे निबंधात लिहू का? आणि शेवटी देव नाही असं लिहिलं तर मार्क जातील का?
– एक विद्यार्थिनी

बाळा,

वासराचं तू चार ओळींत सांगितलंस आणि पुढे निघालीस. निबंधात पुढे निघू नकोस. अख्खा निबंध त्या कोठ्यापाशीच उभा करता येतो, आणि तसा केलास तर पुस्तकातल्या उत्तरांपैकी कोणतं किती वजन पेलतं ते तुझं तुलाच दिसेल. मी तीसेक वर्षं तालुक्याच्या कॉलेजात हाच विषय शिकवला. या प्रश्नावरच्या बहुतेक उत्तरपत्रिकांमध्ये दुष्काळ, भूकंप, कर्करोग, महायुद्ध अशी यादी असायची आणि खाली सहा उत्तरं. यादीवर उत्तर तपासता येत नाही. एका जनावरावर येतं.

विल्यम रो नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७९ साली नेमकं हेच केलं. त्याच्या लेखात एक हरणाचं पाडस आहे. दूरच्या जंगलात वाळलेल्या झाडावर वीज पडते, वणवा लागतो, पाडस त्यात सापडून भयंकर भाजतं, काही दिवस तडफडत पडून राहतं आणि मरतं. त्याला कोणी पाहत नाही, ते मेलं हेसुद्धा कोणाला कळत नाही. तुझ्या वासराची हकिगत वाचताना मला तेच पाडस आठवलं.

रोने वीज का निवडली, हे आधी समजून घे. आपल्याकडे मेळघाटात किंवा गडचिरोलीकडे उन्हाळ्यात लागणारे बरेच वणवे माणसाच्या हातून लागतात. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पुढे सरकते. अशा आगीत पाडस होरपळलं तर देवाची बाजू घेणारा म्हणेल, हा माणसाच्या निष्काळजीपणाचा दोष, देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं आणि माणसाने ते असं वापरलं. वीज पडली की हे म्हणायची सोय राहत नाही. म्हणून पुस्तकात अशुभाचे, म्हणजे जगातल्या दुःखाचे आणि वाईटाचे, दोन प्रकार असतात. खून, फसवणूक, छळ हे माणसाने केलेलं, म्हणजे नैतिक अशुभ. वीज, पूर, रोग हे नैसर्गिक अशुभ. तुझं उदाहरण दुसऱ्या प्रकारातलं आहे आणि तोच प्रकार जास्त अवघड आहे. शेतकरी आत्महत्येचं उदाहरण घ्यावंसं वाटेल, आपल्या भागातल्या प्रत्येकाला वाटतं. पण तिथे कर्ज, बाजारभाव, बँक, सरकार हे सगळं माणसांनी घडवलेलं मध्ये येतं आणि प्रश्न देवाकडे जाण्याआधी माणसांकडे जातो. तो वेगळा निबंध आहे.

आता मुख्य गोष्ट. या समस्येत दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि पुस्तकातली उत्तरं सगळीच बरोबर वाटतात ती हे दोन प्रश्न मिसळल्यामुळे. पहिला प्रश्न: असा देव आणि असं दुःख, दोन्ही एकाच वेळी असणं शक्य तरी आहे का? दुसरा प्रश्न: शक्य असेलही, पण कोठ्यातलं ते वासरू पाहिल्यावर असा देव आहे असं मानणं कितपत पटतं? पहिल्याला उत्तर दिलं म्हणून दुसऱ्याला दिलं असं होत नाही.

पहिला प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने, १९५५ मध्ये. तो म्हणाला, तीन विधानं शेजारी ठेवा. देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. जगात अशुभ आहे. यातली कोणतीही दोन खरी धरली तर तिसरं खोटं पडतं. लक्षात घे, ही तीन विधानं नुसती वाचली तर उघड भांडण दिसत नाही. भांडण दिसावं म्हणून मॅकीला आणखी दोन जोडावी लागली: जो चांगला असतो तो जमेल तितकं अशुभ दूर करतो, आणि सर्वशक्तिमानाला काय जमेल याला सीमा नसते. निबंधात ही दोन जोड विधानं लिहायला विसरू नकोस. बहुतेक जण विसरतात, आणि पुढचं सगळं उत्तर त्यांच्यावरच घाव घालतं.

घाव घातला अॅल्विन प्लँटिंगा या आस्तिक अमेरिकन तत्त्वज्ञाने, १९७४ मध्ये. त्याचं म्हणणं असं. सर्वशक्तिमानालाही चौकोनी वर्तुळ करता येत नाही, कारण ती वस्तूच नाही, नुसते शब्द आहेत. तसंच एखाद्याला खरोखर स्वतंत्र ठेवून त्याच्याकडून हमखास चांगलंच करवून घेणं हेही जमणारं नाही, कारण करवून घेतलं की स्वातंत्र्य संपलं. यावर मॅकीचा प्रतिप्रश्न आधीच तयार होता आणि तो फार चांगला आहे: माणूस एकदा आपण होऊन चांगलं वागू शकतो, तर प्रत्येक वेळी आपण होऊन चांगलं वागणारी माणसंच देवाने का निर्माण केली नाहीत? प्लँटिंगाचं उत्तर सूक्ष्म आहे, सावकाश वाच. तो म्हणतो, अशी माणसं असणं शक्य आहे. पण कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत कसा वागेल, हे देवाच्या हातात नाही, त्या माणसाच्या हातात आहे. असंही असू शकेल की देवाने कुणालाही निर्माण केलं, कोणत्याही परिस्थितीत ठेवलं, तरी तो माणूस कधी ना कधी एकदा तरी चुकलाच असता. असं असणं नुसतं शक्य असेल, तरी मॅकीचं 'हे अशक्यच' मोडतं.

मग वीज कोणी पाडली? इथे प्लँटिंगा म्हणतो, कदाचित माणसाहून वेगळ्या, दुष्ट पण स्वतंत्र शक्तींनी. तुला हे वाचून कसंसंच होईल, माझ्या विद्यार्थ्यांनाही व्हायचं. गावात कोणी सांगितलं की वीज सैतानाने पाडली, तर तू ऐकून घेणार नाहीस. पण प्लँटिंगा ते खरं आहे असा दावाच करत नाही. त्याला एवढंच दाखवायचं आहे की यात तार्किक विसंगती नाही. याला बचाव म्हणतात. देवाने दुःख का ठेवलं याचं खरं कारण सांगायला निघणं हे समर्थन. दोन्ही शब्द निबंधात वेगवेगळे वापर. बचावाला कारण खरं असावं लागत नाही, शक्य असलं की पुरतं. समर्थनाला ते खरं, निदान पटण्याजोगं असावं लागतं.

बचाव म्हणून प्लँटिंगा जिंकला, असं बहुतेक तत्त्वज्ञ मानतात. स्वतः मॅकीने १९८२च्या पुस्तकात बरंचसं मान्य केलं, आणि नास्तिक असलेल्या रोनेही १९७९च्या लेखात विसंगती सिद्ध झालेली नाही असं म्हटलं. पण जिंकलं किती, तेही बघ. फक्त 'अशक्य नाही' एवढंच. तुझ्या बाबांना कोणी सांगितलं, सोयाबीन यंदा एकरी वीस क्विंटल होणं तार्किकदृष्ट्या अशक्य नाही, तर त्यावर ते कर्ज काढणार नाहीत.

म्हणून रो दुसऱ्या प्रश्नाकडे वळला. त्याचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी: काही तीव्र यातना अशा आहेत की त्या टाळल्या असत्या तर कोणतंही मोठं भलं हातचं गेलं नसतं आणि तितकंच वाईट दुसरं काही ओढवलंही नसतं. दुसरी पायरी: सर्वज्ञ आणि पूर्ण चांगला देव अशी यातना घडू देणार नाही. दोन्ही मान्य केल्या तर असा देव नाही. दुसरी पायरी जवळजवळ सगळेच मान्य करतात, आस्तिकसुद्धा. लढाई पहिलीवर आहे. ती खरी कशावरून? रो म्हणतो, पाडसाच्या त्या दिवसांमधून कोणतं भलं निघालं असेल हे आपण जीव तोडून शोधलं तरी सापडत नाही. म्हणून ते नाही असं मानणं वाजवी आहे. सिद्ध झालं असं तो म्हणत नाही.

या 'सापडत नाही, म्हणून नाही'वर सर्वांत कसदार हल्ला १९८४ मध्ये स्टीफन विक्स्ट्रा या अमेरिकन तत्त्वज्ञाने केला. तो सांगायला मी पऱ्हाटीचं उदाहरण घेते, कारण तुला ते रोजचं आहे. धुऱ्यावर उभं राहून तू वावरात नजर टाकलीस आणि हत्ती दिसला नाही, तर हत्ती नाही असं म्हणणं बरोबर आहे. हत्ती असता तर दिसला असता. पण त्याच धुऱ्यावरून गुलाबी बोंडअळी दिसली नाही म्हणून अळी नाही असं म्हटलंस तर बाबा हसतील. अळी बोंडात शिरते, शिरलेलं छिद्र बुजून जातं, वरून बोंड हिरवंगार दिसतं. ती आहे की नाही हे कळायला हिरवी बोंडं तोडून फोडावी लागतात. विक्स्ट्राचं म्हणणं इतकंच: न दिसण्यावरून नसण्याकडे तेव्हाच जाता येतं, जेव्हा ती गोष्ट असती तर आपल्याला दिसली असती. आता देवाची कारणं ही हत्तीसारखी असतील की अळीसारखी? सर्वज्ञ देव आणि आपण यांत तान्ह्या बाळात आणि आईत असतं त्याहून जास्त अंतर. बाळाला लस टोचताना आई का धरून ठेवते, हे बाळाला कळायचा प्रश्नच नाही. मग वासराच्या यातनेमागचं कारण तुला किंवा रोला दिसलं नाही, यात नवल काय?

हे उत्तर मला आजही या सगळ्या वादातलं सर्वांत ताकदीचं वाटतं. त्याच्यासाठी तुझ्या निबंधात भरपूर जागा ठेव. आणि मग त्याच्यावरचे दोन आक्षेप नीट मांड.

पहिला आक्षेप आईच्या उदाहरणातूनच निघतो, आणि रोने तो घेतला आहे. आई बाळाला लस टोचू देते, त्याला कारण कळत नाही, हे खरं. पण त्या क्षणी ती त्याला छातीशी धरते, बोलते, आपण इथे आहोत हे त्याच्या अंगाला कळेल असं करते. कारण समजावता येत नाही तेव्हा चांगली आई जास्त जवळ येते. देव आईसारखा असेल, तर ज्यांना कारण दिसत नाही त्यांना निदान त्याची सोबत तरी जाणवायला हवी. अनेकांना दुःखात ती जाणवते, हे आजीला विचारलंस तर ती सांगेल. अनेकांना अजिबात जाणवत नाही. आणि बोंडअळीचंही पुरतं बोलायला हवं. तीही अगदीच अदृश्य नसते. पाकळ्या उमलतच नाहीत अशी डोमकळी दिसली की जाणत्या शेतकऱ्याला आत अळी आहे हे कळतं. दडलेल्या गोष्टीची काही तरी खूण असते. विक्स्ट्राच्या देवाच्या कारणांची डोमकळी कुठे आहे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. प्रत्येक यातनेमागे आपल्याला न दिसणारं मोठं भलं असू शकतं असं खरंच मानलं, तर पेटलेल्या कोठ्याकडे कळशी घेऊन धावायचं कशाला? वासराला बाहेर ओढणारा माणूस त्या दडलेल्या भल्यात आडवा येत नसेल कशावरून? तुमच्या घरी त्या तीन दिवसांत कोणी त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडलं असेल, जखमेवर माशा बसू नयेत म्हणून पदर किंवा फडकं धरून बसलं असेल. ते बरोबर होतं याबद्दल आपल्या कोणाच्याच मनात शंका नाही. आस्तिक यावर म्हणतो, माणसाने आपल्याला जेवढं दिसतं त्यावरून वागावं आणि देव त्याला जेवढं दिसतं त्यावरून वागतो. हे उत्तर टाकाऊ नाही. पण मग देवाचं चांगलेपण आणि आपलं चांगलेपण एकाच मापाने मोजता येत नाही असं होतं, आणि मग त्याला 'दयाळू' म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, हा प्रश्न उरतो.

आता दोन उत्तरं भराभर. जॉन हिक या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये मांडलं की हे जग सुखाची बाग म्हणून बनवलेलंच नाही, इथे माणसाचा आत्मा घडतो. धोका नसता तर धैर्य नसतं, दुःख नसतं तर करुणा नसती. इथे तुझं वासरू आणि रोचं पाडस वेगळे होतात, आणि हा फरक तू टिपलास तर परीक्षकाच्या नजरेत भरेल. वासराला तुम्ही पाहिलं. त्याने तुझ्यात काही घडलं असेल, नाही तर हे पत्र आलं नसतं. म्हणजे हिकला तुझ्या कोठ्यात पाय ठेवायला जागा आहे. पाडसाला कोणी पाहिलंच नाही, तिथे जागा नाही. पण कोठ्यातही अडचण आहेच. करुणा तुझी वाढली आणि भाजलं मात्र वासरू. एकाच्या शिकवणीसाठी दुसऱ्याला जाळायचं, हे चांगल्या शिक्षकाचं काम नव्हे. हिकला हे ठाऊक होतं. तो शेवटी मरणोत्तर जीवनाकडे आणि गूढतेकडे वळतो. वासराचं मरणोत्तर जीवन मात्र त्यात स्पष्ट होत नाही.

दुसरं उत्तर निसर्गनियमांचं. नियम ठाम असल्याशिवाय जगता येत नाही. ज्या आगीवर भाकरी भाजते तीच आग कुटार जाळते. ज्या विजेने झाड फुटतं तीच हवेतला नत्र बांधून पावसाबरोबर थोडाफार मातीत उतरवते. यावर डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या संवादात दिलेलं उत्तर अजून जुनं झालेलं नाही: नियम तसेच ठेवूनही, कोणाला कळणार नाही असे छोटे छोटे बदल देव करू शकला असता. वीज कोठ्यापासून शंभर फुटांवर पडली असती, तर कोणत्या नियमाचा भंग दिसला असता?

आजीचं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवलं. ते घे, जरूर घे, पण 'आजी म्हणते' इतकंच लिहून सोडू नकोस. ते आपल्याकडचं सर्वांत बांधीव उत्तर आहे आणि त्याला सूत्र आहे. ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या मूळ ग्रंथात दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चौतिसावं सूत्र येतं: 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात् तथा हि दर्शयति'. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. देवाने एकाला सुखी, दुसऱ्याला दुःखी, पशूंना तर अत्यंत दुःखी केलं, मग तो पक्षपाती आणि क्रूर नाही का? म्हणजे तुझ्या सरांचा प्रश्नच. सूत्र म्हणतं, नाही, कारण देव सापेक्ष आहे, प्रत्येकाच्या कर्माकडे पाहून सृष्टी करतो. शंकराचार्य आपल्या भाष्यात दृष्टांत देतात तो पावसाचा. पाऊस साळीला आणि जवाला सारखाच. साळ साळ का झाली आणि जव जव का, याचं कारण ज्याच्या त्याच्या बीजात आहे. आपल्या वावराच्या भाषेत, एकाच पावसात शेजारी शेजारी तूर तूर होते आणि पऱ्हाटी पऱ्हाटी होते. पावसाला दोष देता येत नाही.

पुढच्याच सूत्रात आक्षेपही आहे, इतके सूत्रकार प्रामाणिक आहेत. सृष्टीच्या आधी कर्म कुठलं? पहिल्या जीवाने पहिलं दुःख कोणत्या कर्माने भोगलं? उत्तर: संसार अनादी आहे, बीज आणि अंकुर यांच्यासारखा. बीजाआधी अंकुर, अंकुराआधी बीज, पहिलं असं काही नाही.

आता या उत्तराची किंमत मोज. एक, इथे देव कर्माकडे पाहून वागतो, म्हणजे मॅकीचं 'सर्वशक्तिमानाला सीमा नाही' हे विधान सोडून दिलं. समस्या सुटते, पण तीनपैकी 'देव सर्वशक्तिमान आहे' हे विधान सैल करून सुटते. यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ते लिहायला हवं. दोन, बीज-अंकुराची साखळी प्रत्येक दुःखाला आधीचं कारण देते, पण ही दुःखाची साखळी मुळात आहेच का, याला ती उत्तर देत नाही. तीन, वासरू. पशुयोनी ही परंपरेत भोगयोनी मानली जाते. तिथे नवं पाप-पुण्य साठत नाही, आधीचं भोगलं जातं. म्हणजे वासराने भोगलं ते दुसऱ्या कुठल्या तरी देहात केलेल्या गोष्टीसाठी, जिची त्याला आठवण नाही आणि जिच्यातून त्याला काही शिकताही येत नाही. चूक सांगितल्याशिवाय दिलेल्या शिक्षेला आपण वर्गात न्याय म्हणत नाही.

चौथा आक्षेप आपल्या मातीतून आला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यावर काही आठवड्यांत डॉ. आंबेडकर गेले. त्यांचा बुद्धावरचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर नेमकं बोट ठेवलं: गरिबाचं हीन जिणं त्याच्याच मागच्या कर्माचं फळ ठरवलं की राज्याची आणि समाजाची जबाबदारी संपते. शंकराचार्यांच्या पावसाला हा आक्षेप लागत नाही, लागतो तो त्या पावसाकडे बोट दाखवून बांध फोडणाऱ्या शेजाऱ्याला वाचवणाऱ्यांना. दोन्ही वेगळे ठेव.

आणि एक खराखुरा वाद तुझ्या निबंधात असावा असं मला मनापासून वाटतं. गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्धचा दौरा १९३३ च्या नोव्हेंबरात वर्ध्याहून सुरू केला. दौरा चालू असतानाच १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला, हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे तितकेच विरोधक, पण त्यांनी जाहीर हरकत घेतली. भूकंपाची कारणं भौतिक असतात. शिवाय हे तर्कशास्त्र कोणालाही वापरता येतं, उद्या सनातनी म्हणतील की भूकंप गांधींच्या चळवळीमुळे झाला. दोघांचं म्हणणं 'हरिजन' पत्रात छापलं गेलं. दोन मोठी माणसं, दोघांचा हेतू एक, आणि दुःखाला नैतिक कारण चिकटवावं की नाही यावर दोघं समोरासमोर. माझं मत विचारशील तर ठाकुरांच्या बाजूने. पाप अस्पृश्यता पाळणाऱ्यांचं आणि ढिगाऱ्याखाली कोण कोण, याचा हिशेब त्या भूकंपात लागत नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. देव नाही असं लिहिलं म्हणून मार्क जात नाहीत, आहे असं लिहिलं म्हणून वाढतही नाहीत. जातात ते 'म्हणून सिद्ध होते की' या शब्दांनी. रो सिद्ध करत नाही, वाजवी ठरवतो. प्लँटिंगा देव आहे असं दाखवत नाही, विसंगती नाही एवढंच दाखवतो. तू जो निष्कर्ष लिहिशील तो या मापात बसवून लिही आणि कोणतं विधान सोडून तिथे पोचलीस ते सांग. मी स्वतः रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते, आणि रोचं पाडस मला अजून खोडता आलेलं नाही. हे दोन्ही मी वर्गात सांगायची.

दीड हजार शब्द कसे वाटायचे ते सांगते. दीडशे शब्द कोठ्याला दे: बाभूळ, कुटार, तीन दिवस, विशेषण न लावता. मॅकी आणि प्लँटिंगा मिळून तीनशे, आणि तिथेच बचाव आणि समर्थन यांतला फरक. रो आणि विक्स्ट्रा यांना पाचशे, दोन आक्षेपांसकट. हिक आणि निसर्गनियम दीडशेत आटोप. उरलेले चारशे आजीला, शंकराचार्यांना, आंबेडकरांना, गांधी-ठाकूर वादाला आणि तुझ्या निष्कर्षाला. लिहायला बसण्याआधी आजीला एकदा विचार, वासराने मागच्या जन्मी काय केलं असेल असं तिला वाटतं. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घे आणि बीज-अंकुराच्या परिच्छेदाआधी ठेव.